सौंदर्याची आवड सगळीकडे सारखी की मुलखागणिक वेगळी? प्रकल्पासाठी चित्रं सुचवा

मिरजेची_मीनू: एम.ए. मानसशास्त्राचा प्रकल्प आहे. सांगली शहरातले 30 पुरुष आणि जत तालुक्यातल्या एका गावातले 30. दोघांना बायकांच्या आकृत्या दाखवून पसंती विचारायची आहे. चित्रं कुठली घेऊ? खर्च 1500 च्या आत.

भडंग_स्पेशल: देवेंद्र सिंग यांची 1993 ची रेखाचित्रं घे. एकूण 12 आकृत्या, तीन वजनांच्या, कंबर भागिले नितंब 0.7 ते 1.0. जगात कुठंही जा, 0.7 च पहिली येते. विषय संपला.

कृष्णाकाठ: एवढ्यात कुठं संपतोय! 1998 मध्ये यू आणि शेपर्ड यांनी पेरूतल्या मात्सिगेंका पुरुषांना तसलीच चित्रं दाखवली. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नसलेल्या गावात जाड आणि रुंद कमरेच्या आकृत्या वर आल्या. ज्यांचा संबंध जास्त, त्यांची निवड अमेरिकी पुरुषांकडे झुकलेली.
पण खोट चित्रांतही आहे. कंबर आत घेतली की बाई हडकुळीही दिसते. मग माणूस कमरेला नाक मुरडतोय की वाळकेपणाला, कळणार कसं?

अजिंक्यतारा_77: 14 हजारांचा टॅब घ्या, कागद चुरगळतात. आणि खरं सांगू? आमच्या पुतण्याचं स्थळ बघताना सगळे रंगच विचारतात. कंबर कोण मोजतंय?

मिरजेची_मीनू: काका, रंग या प्रकल्पात नाही. टॅबही नाही.

भडंग_स्पेशल: टांझानियाच्या हाडझांनीही रुंद कंबरच निवडली होती. म्हणजे सगळं संस्कृतीचंच. मी माझं आधीचं मागं घेतो.

कृष्णाकाठ: लगेच दुसऱ्या टोकाला नको. ती चित्रं समोरून काढलेली होती. 2005 मध्ये मार्लो आणि सहकाऱ्यांनी बाजूनं दिसणाऱ्या आकृत्या दाखवल्या, तेव्हा हाडझांना अमेरिकनांपेक्षा जास्त मागे आलेले नितंब आवडले. दोन्ही बाजू धरल्यावर फरक बराच कमी झाला, पण पुसला गेला नाही. म्हणून मीनू, समोरून आणि बाजूनं असे दोन संच कर.
पारावर घोळक्यात विचारू नकोस, पहिला बोलेल तेच बाकीचे म्हणतील. एकेकाला वेगळं बसव, कार्डं पिसून दे, आवडीच्या क्रमानं लावायला सांग. थोड्या वेळानं तीच कार्डं पुन्हा दे. क्रम साफ बदलला तर त्यानं नुसती पाटी टाकलीय.

हळदबाजार: जेवण कधी झालं तेही लिही. स्वामी आणि टोव्ही यांच्या प्रयोगात भुकेल्या पुरुषांनी जरा जाड आकृत्यांना जास्त गुण दिले होते. शहरात जेवणानंतर आणि गावात जेवणाआधी विचारलंस तर भुकेचा फरक संस्कृतीच्या नावावर खपेल.

कृष्णाकाठ: बरोबर. झुलूंचंही बघ. दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातल्या झुलूंना जाड आकृत्या जास्त आवडल्या, ब्रिटनमध्ये स्थलांतर केलेल्यांची आवड मधोमध. तिकडं वाळलेपण म्हणजे आजारपण असा समज आहे. जतला पहिल्या आणि शेवटच्या कार्डाबद्दल विचार: ‘ही आजारी वाटते का?’

अजिंक्यतारा_77: टॅबवर वेळ आपोआप नोंदला जातो म्हणून म्हटलं.

मिरजेची_मीनू: ठरलं. सिंग यांचीच चित्रं, समोरून, 12 कार्डं. मॅडमना पूर्वीच्या अभ्यासांशी ताडून बघायचंय, त्या दुसऱ्या संचाला तयार नाहीत. जेवणाची वेळ आणि आजारपणाचा प्रश्न घेतेय.

कृष्णाकाठ: मग जतची आवड वेगळी निघाली तर ती कमरेची की वजनाची, ते मात्र सांगता येणार नाही.

मिरजेची_मीनू: माहितीय. मर्यादांत लिहीन.