मदत हवी आहे: सरळ जाळीत दिसणारे ठिपके वळणदार जाळीत का जातात?

बारावीच्या मुलांना दृष्टिपटल शिकवते आहे. पार्श्विक अवरोधासाठी फळ्यावर सहा प्रकाशग्राही पेशी काढल्या. त्यांच्यावर पडणारा प्रकाश १०, १०, १०, २०, २०, २०, आणि दोन्ही टोकांच्या पलीकडेही तसाच प्रकाश आहे असे धरले. प्रत्येक पेशीतून दोन्ही शेजाऱ्यांचा एक दशांश वजा केला (हे काम हॉरिझॉन्टल पेशी करतात), की ८, ८, ७, १७, १६, १६ उरतात. म्हणजे कडेला गडद बाजू आणखी गडद आणि उजळ बाजू आणखी उजळ. राखाडी पट्ट्यांच्या कडेला दिसणारे माखचे पट्टे मुलांना लगेच पटले.

अडले ते हरमानच्या जाळीत. काळ्या चौकोनांमधल्या पांढऱ्या रस्त्यांच्या चौकात करडे ठिपके दिसतात, कारण तिथे ग्राही क्षेत्राच्या परिघावर चारही बाजूंनी प्रकाश पडतो आणि केंद्र जास्त दबते, असे मी सांगितले. एका मुलीने तेच रस्ते किंचित नागमोडी काढून आणले आणि ठिपके गायब! चौकातला प्रकाश तर जवळपास तेवढाच आहे.

मग हे ठिपके दृष्टिपटलात घडतच नाहीत का? मेंदूतल्या, रेषेची दिशा ओळखणाऱ्या पेशींचा यात हात आहे का? कोणी नीट समजावून सांगेल का? सोमवारी तिला उत्तर द्यायचे आहे.