मदत हवी आहे: शेवटच्या दोन स्प्रिंटसाठी स्कोप गोठवण्याची विनंती प्रायोजकांपुढे कशी मांडावी?

आमच्या प्रकल्पाचे दोनच स्प्रिंट उरले असून, यापुढे स्कोप गोठवावा अशी लेखी विनंती मला प्रायोजकांना करायची आहे. गेल्या चार स्प्रिंटमध्ये नियोजन झाल्यानंतर अनुक्रमे 3, 5, 8 आणि 11 बदल आले, आणि त्याच काळात पूर्ण झालेल्या स्टोरी 14, 13, 10 आणि 8 अशा घटत गेल्या. एकूण 27 बदलांपैकी 19 नव्या मागण्या होत्या, 6 चालू कामाच्या स्वीकृती निकषांतले फेरफार होते आणि वगळलेल्या गोष्टी फक्त 2.

माझी अडचण त्या 6 फेरफारांची आहे. अहवालाच्या पडद्यावरील तारखेच्या फिल्टरचा निकष स्प्रिंटच्या आठव्या दिवशी बदलला, तेव्हा चाचणी पूर्ण झालेले काम पुन्हा उघडावे लागले आणि त्यावर अवलंबून असलेल्या दोन स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलल्या गेल्या. नुसत्या मोजणीत मात्र तो ‘एक बदल’ एवढाच दिसतो. म्हणून पत्रात बदलांच्या संख्येसोबत पुन्हा उघडलेल्या स्टोरींची संख्याही द्यावी का, की त्यामुळे पत्राला तक्रारीचा सूर येईल? (बहुतेक मागण्या प्रायोजकांच्याच आहेत, हे वेगळे सांगायला नको.)

रिलीज अडवणारे दोष अपवाद ठेवावेत आणि बाकी नवी मागणी तेवढ्याच आकाराच्या, अजून सुरू न झालेल्या स्टोरीच्या बदल्यातच घ्यावी, असे मी सुचवणार आहे. अपवादाचा अंतिम निर्णय प्रॉडक्ट ओनरकडे ठेवावा की प्रायोजकांकडे? अशी पत्रे लिहिलेल्यांनी कृपया सांगावे.