फाटकावरील कॅमेरे पोलिसांच्या यंत्रणेला जोडण्याबाबत

शुभांगी कर्वे, बी-402: सचिव महोदय, फाटकावरील कॅमेऱ्यांचे चित्रण पोलिसांच्या चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेला जोडण्याचा ठराव रविवारच्या सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून का ठेवला आहे, याचा कृपया खुलासा करावा.

गोखले काका, ए-101: ज्याने काही केलेले नाही, त्याने घाबरायचे कशाला? ए विंगमधील चोरी एवढ्यात विसरलात का?

शुभांगी कर्वे, बी-402: काका, अमेरिकेतील डेट्रॉइटच्या रॉबर्ट विल्यम्स यांनीही काही केले नव्हते. 2018 मध्ये तेथील एका दुकानातून घड्याळे चोरीला गेली आणि अंधूक चित्रणातील चेहरा यंत्रणेत घातल्यावर विल्यम्स यांच्या मुदत संपलेल्या वाहन परवान्याचे छायाचित्र पुढे आले. ते इतर छायाचित्रांत मिसळून दुकानाच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या महिलेला दाखवले गेले. तिने चोरी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती, तेच चित्रण पाहिले होते. तरी तिने दाखवलेले बोट साक्ष ठरले. जानेवारी 2020 मध्ये पत्नी आणि लहान मुलींदेखत त्यांना बेड्या पडल्या आणि सुमारे 30 तास ते कोठडीत होते.

पाटील, सी-303: मतदार ओळखपत्रावरचा माझा फोटो आमच्या सौभाग्यवतींनाही ओळखू येत नाही, तेव्हा यंत्राला दोष कशाला द्यावा!

देशपांडे सर, बी-201: पाटीलसाहेब, मुद्दा तोच आहे. खरा गुन्हेगार यंत्रणेतील छायाचित्रांच्या संग्रहात नसला, तरी त्यातल्या त्यात जवळचे चेहरे यंत्र काढून देऊ शकते. साम्याचा आकडा म्हणजे तोच माणूस असण्याची खात्री नव्हे. दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारातील उत्तरात 80 टक्क्यांवरील साम्य जुळणी म्हणून धरत असल्याचे सांगितले होते. समजा, हजारात एकदाच चूक होते. तरी लाखभर माणसांच्या गर्दीत शंभर निरपराध संशयित ठरतील.

गोखले काका, ए-101: पुन्हा लिहितो, ज्याने काही केलेले नाही, त्याने घाबरायचे कशाला?

शिंदे वहिनी, ए-304: काका, चोरी झाली तेव्हा तुम्ही सर्वांत आधी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंचे नाव घेतले होते, त्यांचा चेहरा रोज त्या फाटकातून जातो आणि रविवारच्या सभेत त्यांना मत नाही.

गोखले काका, ए-101: तो विषय तेव्हाच मिटला होता. वैयक्तिक होऊ नये, ही विनंती.

कुलकर्णी, सचिव: सर्वांनी संयम राखावा. पोलिसांनी एखाद्या गुन्ह्याच्या तपासासाठी लेखी मागणी केल्यास तेवढ्या वेळेचे चित्रण आपण आजही देतो. कायमच्या जोडणीत चित्रण किती दिवस ठेवणार, ते कोणत्या यादीशी ताडणार आणि चुकीच्या जुळणीची तक्रार कोणाकडे करायची, याचा पोलिसांकडून आलेल्या पत्रात उल्लेख नाही, हे मान्य आहे. तशी लेखी विचारणा करतो. उत्तर येईपर्यंत ठराव मांडला जाणार नाही.

गोखले काका, ए-101: म्हणजे चोरांना तोपर्यंत मुभा! ज्याने काही केलेले नाही…

पाटील, सी-303: …त्याने घाबरायचे कशाला. वाचले, काका.