नियतवाली हदीस: रावी शेकडो की एकच?

शाहीन_रेवदंडा
रमजानच्या बयानात मौलाना म्हणाले की 'अमलांचा दारोमदार नियतवर आहे', म्हणजे कर्मं इराद्यावर अवलंबून असतात, ही पैगंबरांची हदीस मुतवातिर आहे, शेकडो लोकांनी सांगितलेली. माझे दीर म्हणतात, ती एकाच सहाबींकडून, म्हणजे पैगंबरांच्या एकाच साथीदाराकडून आली आहे. खरं काय? आणि एकाच्याच शब्दावर असेल तर इमाम बुखारींनी ती आपल्या हदीससंग्रहात सगळ्यात पहिली का ठेवली?

सदानंद_वाई
मौलानांचं बरोबर वाटतं. मी मुसलमान नाही, पण इस्लामच्या इतिहासाचं वाचन बऱ्यापैकी आहे. ही हदीस बुखारीत आहे, मुस्लिममध्ये आहे, अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई, इब्न माजा या सगळ्यांत आहे. एकट्या बुखारीतच सात ठिकाणी आहे. सहा वेगवेगळे संग्राहक एकच वाक्य नोंदवतात म्हणजे सहा स्वतंत्र साक्षी झाल्या की! शिवाय इमाम मालिकांच्या मुवत्ता या संग्रहातही ती आहे. इतकी पक्की नोंद प्राचीन काळातल्या फार थोड्या वाक्यांना लाभली असेल.

हदीस_पाठक
सदानंदकाका, सहा संग्रहांचं खरं, सात ठिकाणांचंही खरं. पण साक्षी सहा नाहीत. शाहीनताई, तुमच्या दिरांचं बरोबर आहे.

बुखारीतली ५४ क्रमांकाची हदीस उघडा. बुखारींना ती अब्दुल्लाह बिन मसलमांनी सांगितली, त्यांना मालिकांनी. आता मुस्लिमची १९०७ बघा. तिथेही तेच अब्दुल्लाह बिन मसलमा आणि तेच मालिक. म्हणजे दोन ग्रंथ, पण उस्ताद एकच. बुखारीची २५२९ मुहम्मद बिन कसीर यांच्याकडून, त्यांना सुफियान सौरींकडून; अबू दाऊदची २२०१ अगदी त्याच वाटेने येते. बुखारीची पहिली हदीस हुमैदींकडून, त्यांना सुफियान बिन उयैनांकडून. इब्न माजांकडे ती यजीद बिन हारून आणि लैस बिन सअद यांच्या वाटेने आली आहे.

मालिक, दोन्ही सुफियान, यजीद, लैस, हम्माद बिन जैद, अब्दुल वह्हाब सकफी या सगळ्यांच्या वर एकच नाव लागतं: यह्या बिन सईद अन्सारी, मदिनेचे काजी, मृत्यू हिजरी १४३ म्हणजे इ.स. ७६०च्या आसपास. त्यांच्या वर मुहम्मद बिन इब्राहीम तैमी, त्यांच्या वर अल्कमा बिन वक्कास लैसी, त्यांच्या वर हजरत उमर. या चारही पायऱ्यांवर एकेकच माणूस आहे. यह्यांपासून खाली मात्र गर्दीच गर्दी.

हा काही आजचा शोध नाही. तिर्मिजींनी ही हदीस 'हसन सहीह', म्हणजे विश्वासार्ह, म्हणून नोंदवली आणि तिथेच लिहिलं की यह्या बिन सईद यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून आम्हाला ती माहीत नाही. मुतवातिर म्हणायची तर प्रत्येक पिढीत मोठा जमाव लागतो. इथे जमाव पाचव्या पायरीवर सुरू होतो.

राहिला मुवत्ता. यह्या बिन यह्या लैसींची जी प्रत सगळीकडे छापली जाते, तिच्यात ही हदीस नाही. इमाम अबू हनीफांचे शागिर्द मुहम्मद शैबानी यांनी मालिकांकडून उतरवलेल्या मुवत्तात ती आहे. त्यामुळे 'मुवत्तात आहे' म्हणणारा आणि 'नाही' म्हणणारा, दोघांच्याही हातात मुवत्ताच असतो.

मंजिरी_इतिहास
पाठक, मांडणी आवडली, पण तिच्यातून जो निष्कर्ष निघतो तो तुम्ही टाळलात. बुखारीच्या पहिल्याच हदीसमध्ये अल्कमा म्हणतात की मी उमर यांना मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, हे सांगताना ऐकलं. मिंबर म्हणजे भरलेली मशीद. खलिफा मदिनेत भाषण करतो, समोर पैगंबरांचे कितीतरी साथीदार बसलेले, आणि पुढच्या पिढीला ते सांगणारा अल्कमा एकटाच? मग अल्कमांकडून ऐकणाराही एकटाच, आणि त्याच्याकडूनही एकच? शंभरेक वर्षं एक बारीक धागा, आणि अचानक एका काजींपासून शंभर फांद्या. जोसेफ शाख्टपासूनचे पाश्चात्त्य अभ्यासक अशा सांध्यावर बोट ठेवून विचारतात की ही गोष्ट निदान या शब्दांत इथेच तर आकाराला आली नाही ना. हा आरोप नव्हे. कोणत्याही जुन्या दस्तऐवजाला आपण विचारतो तोच प्रश्न आहे.

बाणकोटची_नसीमा
मला यातला रावी-सनद प्रकार, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी, फारशी कळत नाही, पण या हदीसवरून आमच्या घरात खरंच वाद झालाय म्हणून लिहिते. आम्ही कोकणातले, शाफई पंथाचे. सासर बीडचं, हनफी. लहानपणी आजीने शिकवलं की नमाजआधी तोंड धुताना मनात वुजूची नियत नसेल तर वुजू होतच नाही. इथे माझी नणंद बाहेरून आली, उन्हामुळे हात-तोंड-पाय धुतले, डोक्यावरून ओला हात फिरवला आणि थेट नमाजला उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, तू वुजू म्हणून धुतलंसच नाही." ती म्हणाली, "धुतलं ना, झालं!" आता हदीस तर दोघींची एकच. माझी नियत साफ आहे, तिचीही साफ आहे, मग अल्लाहकडे दोघींचं कबूल होईलच ना?

हदीस_पाठक
नसीमाताई, तुमच्या नणंदेचं मन साफ आहे का, हा इथला मुद्दा नाही. ते काम वुजू म्हणून करण्याचा इरादा होता का, एवढंच विचारायचं आहे. शाफई म्हणतात, इरादा नाही तर वुजू नाही, आणि तो इरादा तोंड धुण्याच्या सुरुवातीलाच हवा. हनफी म्हणतात, वुजू हे नमाजचं साधन आहे. पाण्याचं काम धुण्याचं, ते झालं की नमाज होते, फक्त इराद्यावाचून त्या वुजूचा सवाब, म्हणजे पुण्य, मिळत नाही. मात्र पाणी नसताना मातीने तयम्मुम करायचा असेल तर हनफींनाही नियत लागतेच, कारण माती काही धूत नाही. तेव्हा तुम्ही दोघी आपापल्या मजहबप्रमाणे बरोबर आहात.

आणि ही गोष्ट मंजिरीताईंच्या प्रश्नाशीही जुळते. हनफींना ही हदीस अडचणीची होती. 'एकाच माणसाची आहे, सोडून द्या' असं म्हणण्याची सोय त्यांना होती. त्यांनी तसं केलं नाही. हदीस मान्य केली आणि तिचा अर्थ सवाबाकडे वळवला.

मंजिरी_इतिहास
यह्यांच्या पिढीनंतर ती सर्वमान्य होती, एवढंच यातून दिसतं. मी विचारतेय ते त्याच्या आधीच्या शंभर वर्षांबद्दल.

काझी_मालवण
ताई, मिंबरच्या मुद्द्यावर आपल्याच आलिमांनी उत्तर दिलं आहे. काझी अबू बक्र इब्न अल-अरबी म्हणाले होते की हजरत उमरनी सहाबींसमोर सांगितलं आणि कोणी हरकत घेतली नाही. त्यांना ते ठाऊक नसतं तर ते बोलले असते. म्हणजे हा एकट्याचा शब्द नाहीच. शिवाय यह्यांकडून सातशे जणांनी ही हदीस घेतली असं अबू इस्माईल हरवींनी नोंदवलं आहे. आणि तिच्यामागची घटनाही प्रसिद्ध आहे. एक माणूस उम्मे कैस नावाच्या बाईशी लग्न करायला मदिनेला गेला, लोक त्याला 'मुहाजिर उम्मे कैस' म्हणू लागले, त्यावरून पैगंबरांनी हे सांगितलं. म्हणून तर हदीसमध्ये बाईसाठी केलेल्या हिजरतीचा, म्हणजे स्थलांतराचा, उल्लेख येतो. इतका पुरावा असताना शंका कशाला?

हदीस_पाठक
काझीभाई, तुमच्या बाजूचा असूनही मला यातलं काहीच वापरता येत नाही.

इब्न अल-अरबींना उत्तर पूर्वीच मिळालं आहे. लोक गप्प राहिले म्हणून त्यांनी ते पैगंबरांकडून स्वतः ऐकलं होतं असं ठरत नाही. आणि घटकाभर ते मान्य केलं तरी अल्कमा एकटे, तैमी एकटे, यह्या एकटे, हे तसंच राहतं. सातशेचा आकडा इब्न हजरांनी तपासला. हे पंधराव्या शतकातले बुखारीचे सर्वात मोठे भाष्यकार. ते लिहितात की मी शोध घेतला, मला शंभरही भरता आले नाहीत. उम्मे कैसची गोष्ट तबरानींच्या संग्रहात इब्न मसऊद यांच्या नावाने आहे आणि तिची सनदही चांगली आहे. पण त्याच गोष्टीवरून ही हदीस सांगितली गेली, असं तिच्यात कुठेच म्हटलेलं नाही. ते नंतरच्या लोकांनी जोडलं. इब्न रजब आणि इब्न हजर दोघांनीही हे सांगितलं आहे.

आणखी एक वाट लोक दाखवतात: मालिक, जैद बिन असलम, अता बिन यसार, अबू सईद खुदरी. ही खरी असती तर दुसरे सहाबी मिळाले असते. पण मालिकांकडून असं सांगणारे अब्दुल मजीद बिन अब्दुल अजीज एकटेच. मालिकांचे बाकी सगळे शागिर्द यह्यांचंच नाव घेतात. जैद–अता–अबू सईद ही सनद कितीतरी हदीसींमध्ये येते, जिभेला सरावलेली असते. स्मरण घसरलं की माणूस अनोळखी वाट सोडून अशाच मळलेल्या वाटेला लागतो. उलट कोणी घसरत नाही. जुन्या तपासनिसांनी ही सनद चूक म्हणून बाजूला काढली ती याच न्यायाने.

मंजिरीताई, माझं उत्तर इथे सुरू होतं. ही हदीस बळकट दाखवण्याचा मोह केवढा होता बघा. दुसरे सहाबी तयार मिळत होते, सातशेचा आकडा होता. तरी ज्यांची या हदीसवर श्रद्धा होती त्यांनीच एकेक आधार काढून टाकला आणि चार एकट्या माणसांवर ती उभी ठेवली. बनवाबनवी करणाऱ्यांची ही रीत नव्हे.

मंजिरी_इतिहास
हे पटण्यासारखं आहे, पण यातून तपासनिसांचा प्रामाणिकपणा सिद्ध होतो. अल्कमांची स्मरणशक्ती नाही. तपासनीस आले दीड-दोनशे वर्षांनी.

हदीस_पाठक
म्हणूनच शब्द आणि आशय वेगळे धरावेत असं मला वाटतं. आशय एकटा नाही. काबावर चालून येणारं सैन्य जमिनीत गाडलं जाईल आणि मग प्रत्येकजण आपापल्या नियतप्रमाणे उठवला जाईल, ही हदीस हजरत आयशांकडून आहे. मक्का जिंकल्यावर हिजरत उरली नाही, जिहाद आणि नियत उरली, ही इब्न अब्बासांकडून. या सनदींत यह्या अन्सारी नाहीत.

शाहीन_रेवदंडा
म्हणजे दीर जिंकले! पण बुखारींनी पहिली का ठेवली ते राहिलंच. तो अध्याय तर वही, म्हणजे पैगंबरांना येणारा ईश्वरी संदेश, कशी सुरू झाली याचा आहे ना?

हदीस_पाठक
हो, आणि तिथे ती अपुरीही आहे. 'ज्याची हिजरत अल्लाह आणि रसूलसाठी' हा तुकडा पहिल्या हदीसमध्ये नाही, ५४मध्ये आहे. विशेष म्हणजे बुखारींचे उस्ताद हुमैदी यांच्या स्वतःच्या मुसनद या संग्रहात तो आहे. म्हणजे उस्तादांनी पूर्ण सांगितली आणि ग्रंथाच्या दारात ती कापून आली. भाष्यकारांचं एक मत असं की ही हदीस म्हणजे बुखारींची प्रस्तावनाच आहे, आणि माझा इरादा शुद्ध आहे असा दावा स्वतःच्या तोंडून होऊ नये म्हणून त्यांनी तो तुकडा मुद्दाम गाळला. मला हे पटतं.

सदानंद_वाई
आणि मला नाही. उस्तादांनीच एखाद्या बैठकीत थोडक्यात सांगितली असेल आणि बुखारींनी ऐकली तशी लिहिली असेल, हे जास्त साधं नाही का?

हदीस_पाठक
काका, तसं म्हणणारेही आहेत. पण मग बुखारींकडे मालिकांची पूर्ण हदीस हाताशी होती, ती पहिल्या पानावर का नाही घेतली?