मदत हवी आहे: राऊटर मधूनच बंद पडतो, पिन सैल की सॉकेट?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या गावात राहतो, घरी फायबरचं नेट आहे. दिवसातून कितीदा तरी नेट जातं आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप येतं. लाईनमनला बोलावण्याआधी दिवे नीट पाहिले. फायबर तुटली असती तर पॉवरचा दिवा हिरवाच राहून LOS लाल झाला असता. इथं सगळेच दिवे एकदम विझतात, मग राऊटर पहिल्यापासून चालू होतो. म्हणजे करंटच तुटतोय, आणि तेव्हा घरातली लाईट गेलेली नसते.

अडॅप्टर बटणाच्या सॉकेटात आहे, त्याच बोर्डावर कूलर. आई कूलर समजून राऊटरचं बटण बंद करते की काय, म्हणून बटणावर चिकटपट्टी लावली. तरी तेच. मग अडॅप्टर दुसऱ्या खोलीतल्या घट्ट सॉकेटात लावला, तिथंही राऊटरमागची गोल पिन जरा हलवली की दिवे विझतात. म्हणून माझा संशय पिनवर आहे.

अडॅप्टर बाजारातून बदलून आणलेला, १२ व्होल्ट १ अँपिअर, राऊटरवरच्या लेबलाप्रमाणेच. पण पिनचं भोक २.१ मिमीऐवजी २.५ मिमीचं असेल तर ती आत बसूनही सैल राहते ना? घरी मोजायचं कसं? की राऊटरचा जॅकच ढिला झाला असेल? नवा अडॅप्टर घेण्याआधी हे कसं ओळखावं, कुणी सांगा भाऊ. पोरीचा ऑनलाईन क्लास रोज तुटतो आहे.