मदत हवी आहे: डेंग्यूवरच्या छोट्या पोस्टी लिहितेय, तिसरी अडली आहे

निशिगंध: इमारतीत दोघांना डेंग्यू झाला, म्हणून रहिवाशांच्या ग्रुपवर रोज एक, अशा पाच छोट्या पोस्टी टाकणार आहे. तिसरी अशी: "आठवड्यातून एकदा पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा. पाणी नाही, तर डास नाहीत." पण मीच रविवारी पिंप उपडं करून लगेच भरलं आणि शनिवारी त्यात अळ्या वळवळत होत्या. मग लोकांना हे कसं सांगू?

रानवाटा: धूरफवारणी करून घ्या, सगळे डास मरतील.

पाणवठा: धुराने फक्त उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही. निशिगंध, पिंप आतून घासलं होतंत का?

निशिगंध: नाही, नुसतं उपडं केलं.

पाणवठा: मग अंडी आतच राहिली असणार. या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. बारीक काळे ठिपके असतात, सहज दिसत नाहीत. पाणी ओतून टाकलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी परत चढलं की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आठवड्याचा हिशोब. आतून काथ्याने किंवा ब्रशने घासा, विशेषतः पाण्याची रेषा असते तो पट्टा, आणि ते पाणी मोरीत न ओतता कोरड्या जमिनीवर टाका.

सावली: माझ्या भावाच्या प्लेटलेट कमी झाल्यात, काय खायला द्यावं?

पाणवठा: सावली, ते डॉक्टरांनाच विचारा. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा कुठून रक्त आलं, तर लगेच रुग्णालयात न्या.

कोकीळ: आम्ही टाकीत गप्पी मासे सोडलेत. घासायची कटकटच नाही.

पाणवठा: उपसता न येणाऱ्या मोठ्या टाकीसाठी ठीक आहे. पिंपात रोज तांब्या बुडवून पाणी काढता, तिथे मासे टिकत नाहीत.

निशिगंध: झाकण जरा तिरकं बसतं. डास तिथून आत गेला असेल तर?

पाणवठा: तेही असेल. या वेळी घासून भरा आणि तोंडाला दाट विणीचं कापड ताणून बांधा. आठवड्यानंतर टॉर्च मारून पाहा. सावली पडली की अळ्या झटकन तळाला जातात, म्हणून मिनिटभर न हलता थांबा. तरीही अळ्या दिसल्या, तर घासताना काहीतरी सुटलंय किंवा कापडात फट आहे.

निशिगंध: तिसरी पोस्ट बदलली: "पिंप रिकामं करून भागत नाही. अंडी भिंतीला चिकटलेली असतात. आठवड्यातून एकदा आतून घासा, मगच भरा, तोंड कापडाने बांधा." फ्रिजमागच्या ट्रेचं यातच लिहू की वेगळी पोस्ट करू? तो हाताला येतच नाही.

रानवाटा: वेगळी करा. आमच्या ट्रेमध्ये आत्ता पाहिलं, पाणी आहे आणि काहीतरी हलतंय.