प्रिंटरचे हेड तुंबले: डीलरला लिहिलेले पत्र

«चार महिन्यांत प्रिंटरचं हेड चोकअप झालं, डीलर वॉरंटीत घेत नाही. पत्रात काय लिहू?»

दादरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातून मी असे लिहिले होते:

"महोदय, आपल्याकडून पाच महिन्यांपूर्वी घेतलेल्या इंक टँक प्रिंटरच्या नोझल चेकमध्ये काळ्या रेषा तुटक येतात आणि तीनदा हेड क्लीनिंग करून, मध्ये रात्रभर थांबूनही त्या त्याच जागी तुटतात. शाई मूळ कंपनीचीच भरली असून तिची बिले, नोझल चेकचे कागद व खरेदीचे बिल सोबत जोडले आहे. तरी हेड वॉरंटीत विनामूल्य दुरुस्त करून द्यावे. नकार असल्यास कारण लेखी कळवावे."

'त्याच जागी' हे शब्द गाळू नका, कारण तुटलेली जागा दर वेळी बदलत असेल तर बहुधा नळीत हवा असते, हेड तुंबलेले नसते. वॉरंटीला पुष्कळदा पानांचीही मर्यादा असते, तेवढी आधी पाहावी.